फोटोतली मागची टाकी काढायची कशी: नववीच्या मुलांसाठी दोन शनिवारांचं वर्कशॉप

फोंड्याजवळच्या एका शाळेत मी नववीच्या मुलांना फोटोचं बॅकग्राउंड बदलायला शिकवते. दोन शनिवार, प्रत्येकी दीड तास, बारा कॉम्प्युटर आणि चोवीस मुलं, म्हणजे एका मशीनवर दोघं. सॉफ्टवेअर फुकटातलं, GIMP. दोन-तीन बॅचेस झाल्या, पहिल्या बॅचला मी बरंच चुकीचं शिकवलं होतं, आता प्लॅन जरा बसलाय म्हणून सगळा लिहून काढतेय, कोणाला आपल्या शाळेत घ्यायचा असेल तर तसाच उचला.

पहिल्या बॅचमधली चूक आधी सांगते कारण सगळा प्लॅन त्यावरूनच बदलला. मी मुलांना खोडरबर दिला होता. म्हणजे फोटो उघडा, मागचं सगळं इरेझरने खोडा, मग खाली नवीन बॅकग्राउंड टाका. अर्ध्या तासाने एक मुलगी ओरडली, "टीचर, कान ना जालो!" आणि खरंच, तिने भावाचा कान खोडला होता, त्यानंतर वीस-पंचवीस स्ट्रोक मारले होते, आणि Undo करत मागे जायचं तर तेवढं सगळं कामही जाणार. त्यामुळे आता माझ्या वर्गात इरेझरला हातच लावायचा नाही. पहिल्या दिवसापासून मास्क. फोटोतलं काहीही पुसायचं नाही, फक्त झाकायचं, म्हणजे कान गेला तरी परत आणता येतो.

आधीची तयारी

GIMP प्रत्येक मशीनवर आदल्या दिवशी टाकून ठेवा, त्याला पैसे, अकाउंट काही लागत नाही आणि एकदा टाकलं की नेट नसलं तरी चालतं, पावसाळ्यात हे फार कामाला येतं. लॅबमध्ये इन्स्टॉल करायची परवानगीच नसेल तर Photopea नावाचं एक आहे, ते ब्राउझरमध्येच चालतं, जाहिराती दिसतात पण फोटो आपल्याच मशीनवर राहतो, कुठे अपलोड होत नाही. मेनू थोडे वेगळे, बाकी मास्कची कल्पना तीच.

जुन्या मशीनवर फोनचा फुल साइज फोटो उघडला की प्रत्येक स्ट्रोकला मशीन विचार करत बसतं, म्हणून `Image > Scale Image` मध्ये जाऊन लांब बाजू 1600 पिक्सेल करून घ्या. स्क्रीनवर आणि व्हॉट्सॲपवर पुरतं. A4 वर छापायचं असेल तर तेवढ्यात इंचाला साधारण 137 पिक्सेलच मिळतात, नोटीस बोर्डावर लांबून ठीक दिसेल पण हातात घेऊन बघायचा फोटो हवा असेल तर मोठाच ठेवा.

आणि फोटो फोनमधून मशीनवर आणताना व्हॉट्सॲपने साधा फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबून लहान करतो आणि मग कडेला चौकोनी चौकोनी ठिपके येतात, कडा कापणं म्हणजे आपला विषयच आहे तर तीच खराब झाली की संपलं. केबल लावा नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मुलांचे चेहरे आहेत म्हणून पालकांची सही असलेली चिठ्ठी आधी घ्या. वर्गात एकच नियम: स्वतःचा किंवा शेजारी बसलेल्याचा, त्याने हो म्हटलेला फोटो. दुसऱ्या कोणाचाही नाही, गंमत म्हणूनही नाही. हे मी पहिल्या पाच मिनिटांतच सांगते आणि यावर चर्चा करत नाही.

पहिला शनिवार: कागद, मग फोटो, मग मास्क

पहिली दहा मिनिटं कॉम्प्युटर बंद. प्रत्येक जोडीला एकाच फोटोच्या दोन साध्या प्रिंट द्यायच्या, एक कात्री आणि एक जुनं वर्तमानपत्र. एकाने फोटोतला माणूस कात्रीने कापायचा. दुसऱ्याने फोटोला हातच लावायचा नाही, वर्तमानपत्रात माणसाच्या आकाराची खिडकी कापायची आणि ती फोटोवर ठेवायची. मग मी विचारते, कान चुकून कापला गेला तर? कात्रीवाल्याचा कान गेला तो गेला. वर्तमानपत्रवाला खिडकी जरा मोठी कापतो, कान परत दिसतो, आणि खिडकी जास्तच मोठी झाली तर कागदाचा तुकडा चिकटवून झाकतो. मास्क म्हणजे हे वर्तमानपत्र. मास्कवर पांढरं म्हणजे खिडकी, काळं म्हणजे कागद, आणि करडं म्हणजे अर्धवट दिसणारं, जाळीच्या पडद्यासारखं. काळं झाकतं, पांढरं दाखवतं. हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवते आणि दोन्ही शनिवार पुसू देत नाही.

मग फोटो काढायला बाहेर. याला वीस मिनिटं द्या आणि कंजुषी करू नका, इथे नीट काढलेला फोटो पुढचा अर्धा तास वाचवतो. आमचा विषय ठरलेला असतो, गणपतीच्या चवथीत घुमट, म्हणजे एका तोंडाला चामडं लावलेलं मातीचं वाद्य, वाजवणारा मुलगा किंवा मुलगी, कारण वर्गात कोणा ना कोणाच्या घरी घुमट असतोच आणि घुमट आरतीत वाजवणारी मुलं खुशीने पोझ देतात. उन्हात उभं करू नका, डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात आणि नवीन बॅकग्राउंडमध्ये ते लपत नाहीत. व्हरांड्याच्या सावलीत, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून. भिंतीला टेकून नको, दोनेक मीटर पुढे. युनिफॉर्मचा शर्ट पांढरा आणि भिंतही चुन्याची पांढरी असेल तर खांद्याची कडा डोळ्यालाच दिसत नाही, मग सॉफ्टवेअरला काय दिसणार. आणि चिऱ्यांच्या तांबड्या भिंतीला चिकटून उभं राहिलं तर शर्टाच्या बाहीवर तांबूस छटा येते, ती नंतर मंदिराच्या पांढऱ्या भिंतीसमोर ठेवली की मुलगा तिथला वाटतच नाही. भिंत लांब ठेवण्याचं हे दुसरं कारण.

पहिल्यांदा करताना कमरेपासून वरचाच फोटो घ्या. पाय आले की जमिनीवरची सावली आली आणि ती वेगळी कटकट आहे, नंतर सांगते.

आता आमचंच एक उदाहरण घेऊन पुढे जाते. मुलगा, पांढरा शर्ट, घुमट डाव्या काखेत, उजवा हात चामड्यावर. मागे शाळेची निळी पाण्याची टाकी आणि दोन स्कूटर. नवीन बॅकग्राउंड मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभाचा, मी स्वतः काढलेला. बॅकग्राउंड स्वतः काढलेला असला की कोणाची परवानगी मागायला नको, फक्त जिथे फोटो काढायला मनाई नाही तिथूनच काढा. नेटवरून घ्यायचाच तर Wikimedia Commons वर बघा आणि त्या फोटोखालचं लायसन्स मुलांना वाचायला लावा, बहुतेक वेळा काढणाऱ्याचं नाव द्यावं लागतं.

मुलाचा फोटो उघडा. डावीकडून Free Select टूल घ्या, कीबोर्डवर F. आता मुलाच्या कडेने टिक टिक करत पॉइंट टाकत जायचं. झूम 200 टक्के ठेवा. पॉइंट अगदी कडेवर नाही, कडेच्या एक-दोन पिक्सेल आत, कारण फोटोत कडेच्या पिक्सेलमध्ये मागचा रंग मिसळलेला असतो, तो आत घेतला की मुलाभोवती टाकीची निळी रेघ फिरते. सरळ भाग असेल तिथे पॉइंट लांब लांब, बोटांपाशी जवळ जवळ. चुकला तर Backspace, शेवटचा पॉइंट जातो. पूर्ण फिरून पहिल्या पॉइंटवर क्लिक करा आणि Enter दाबा. केसांपाशी फार जीव काढू नका, डोक्याच्या कडेने साधी गोल रेघ मारा, केस दुसऱ्या शनिवारी.

मग `Select > Feather`, 2 पिक्सेल. याने कडा किंचित मऊ होते. मुलं इथे 20 टाकून बघतात आणि मुलाभोवती धुकं येतं, येऊ द्या, एकदा बघितलं की परत करत नाहीत.

आता लेअर्सच्या खिडकीत फोटोच्या लेअरवर, लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या कागदांसारखे थर, राइट क्लिक करून `Add Layer Mask`, नवीन 3 व्हर्जनमध्ये तेच `Add Layer Masks` असं दिसेल, आणि पर्यायांत Selection निवडायचं. टाकी गायब, स्कूटर गायब, मागे चौकटी चौकटी दिसतात. वर्गात इथे नेहमी आवाज होतो, दोन मिनिटं होऊ द्यावा.

लगेच `Select > None`. हे विसरलं की पुढे दर पाच मिनिटांनी कोणीतरी हात वर करतं, "टीचर, ब्रश चलना!" ब्रश चालतोय, फक्त सिलेक्शनच्या आतच चालतोय. स्क्रीनवर मुंग्यांची रांग हलताना दिसली की समजायचं सिलेक्शन अजून चालू आहे.

दुसरी चूक याहून जास्त होते. लेअर्सच्या खिडकीत आता दोन छोटी चित्रं शेजारी शेजारी दिसतात, एक फोटोचं, एक काळंपांढरं मास्कचं. ज्यावर क्लिक केलंय त्यावर रंग लागतो. मुलगा मास्क समजून काळा ब्रश मारतो आणि शर्टावर काळा पट्टा उमटतो. काळा रंग खरोखर काळाच दिसला म्हणजे तुम्ही फोटोवर आहात, Ctrl+Z करा, मास्कच्या चित्रावर क्लिक करा, परत मारा. मास्कवर असाल तर काळ्याने ती जागा नाहीशी होते. ही ओळख प्रत्येक जोडीकडून एकदा करून घ्या, मुद्दाम चूक करायला सांगा.

D दाबलं की रंग काळा-पांढरा होतात, X दाबलं की एकमेकांत बदलतात. एका हाताचं बोट X वर, दुसऱ्यात माउस, झाकलं, परत आणलं, झाकलं. एक जण माउस आणि दुसरा X असं पण करता येतं, जोडीतला दुसरा रिकामा बसत नाही.

शेवटची दहा मिनिटं फक्त सेव्ह. `File > Save` केलं की `.xcf` फाइल होते, त्यात लेअर आणि मास्क दोन्ही जिवंत राहतात. JPEG करून ठेवलं तर पुढच्या शनिवारी मास्क नाही, काही नाही. खरं तर सेव्ह दर दहा मिनिटांनी करायला लावते मी, आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही आणि एका बॅचमधल्या चार जोड्यांचं काम असंच गेलंय.

दुसरा शनिवार: कडा तपासणं

सुरुवातीलाच दीपस्तंभ आणायचा नाही. आधी एक नवीन लेअर, तो मुलाच्या लेअरखाली ओढायचा आणि भडक लाल रंगाने भरायचा. नंतर तसाच एक काळा. लालवर ठेवलं की राहिलेला कचरा दिसतो, काळ्यावर ठेवलं की कडेची फिकट रेघ दिसते. चौकटींवर हे दोन्ही लपतं. आमच्या मुलाच्या फोटोत काळा लेअर लावल्यावर शर्टाच्या उजव्या खांद्याला फिकट निळी रेघ निघाली, ती टाकीची होती.

रेघ काढायला दोन रस्ते. थोड्याच जागी असेल तर मास्कवर क्लिक करून मऊ, छोटा, 4-5 पिक्सेलचा काळा ब्रश घ्या आणि बाहेरून आत हळूच फिरवा. सगळीकडे असेल तर मास्क निवडलेला असताना `Colors > Levels` उघडा आणि डावीकडचा काळा त्रिकोण थोडा उजवीकडे सरकवा, मास्कची करडी कडा काळी होत जाते म्हणजे खिडकी चहूबाजूंनी जराशी आत येते. थोडंच सरकवा, बोटं बारीक व्हायला लागली की जास्त झालं.

आणि आता ती जागा, जी जवळजवळ प्रत्येक जोडी विसरते. डावा हात घुमटाला वळसा घालून जातो ना, कोपर आणि अंग यांच्यामध्ये एक छोटी फट राहते, त्या फटीतून निळी टाकी अजून दिसत असते. बाहेरची कडा पूर्ण फिरली म्हणून मुलांना वाटतं झालं. मी तोंडाने सांगत नाही, "टाकी शोधा" एवढंच म्हणते. सापडली की परत F, फटीभोवती पॉइंट, Enter, मास्कवर क्लिक, काळा रंग पुढे आणि `Edit > Fill with FG Color`. मग Select None, आठवणीने. घुमटाला दोरी असेल तर दोरी आणि मानेच्या मध्येही अशी फट असते.

केस. याबद्दल मुलांना खरं सांगून टाकायचं की उडणारा एकेक केस आपल्याला काढता येणार नाही आणि काढायची गरजही नाही. तेल लावून घट्ट वेणी घातलेली मुलगी असेल तर दहा मिनिटांत काम होतं, अबोलीची वेणी माळलेली असेल तर फुलांच्या कडेने पॉइंट टाकायचे, फुलं तशीही टोकदारच दिसायला हवीत. मोकळ्या केसांना GIMP मध्ये Foreground Select नावाचं टूल आहे: आधी माणसाभोवती ढोबळ रेघ मारून Enter, मग केसांवर आणि चेहऱ्यावर ब्रश फिरवून त्याला सांगायचं की हे माझं, मग तो बाकीचा अंदाज करतो. मागे साधी भिंत असेल तर बरं जमतं, मागे झाड असेल तर पानं आणि केस एक करून टाकतो. दुसरी युक्ती मला जास्त आवडते, केस जिथे येणार तिथे बॅकग्राउंडमध्येच गडद भाग येईल असं बघायचं, झाड किंवा सावलीतला मंडप. गडद केस गडद मागे, कडेची चूक कोणाला दिसतच नाही. पांढऱ्या आभाळासमोर तेच केस हेल्मेट घातल्यासारखे दिसतात.

फोनमध्ये एका टचमध्ये होतं हे मुलं सांगणारच. होतं, बरोबर आहे. त्याने केलेला एक फोटो मी दाखवते, त्यात मुलगा छान कापला गेलाय आणि घुमटाचं मागचं उघडं तोंड अर्धं गेलंय. ते परत आणायला मास्कच लागतो.

बॅकग्राउंड बसवणं

`File > Open as Layers` ने दीपस्तंभ आणा, तो सगळ्यात वर येतो, ओढून मुलाच्या खाली ठेवा. लाल आणि काळा लेअर डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करून बंद करा, काढू नका, परत लागतात.

आता मुलं म्हणतात झालं, आणि काहीतरी खोटं दिसतंय पण काय ते त्यांना सांगता येत नाही. इथे मी वर्गाला एकच प्रश्न विचारते, ऊन कुठून येतंय? आमच्या उदाहरणात दीपस्तंभावर ऊन डावीकडून होतं आणि मुलाचा उजळ गाल आपल्याला दिसतो तसा उजवीकडचा. लगेच कोणीतरी सुचवतं, मुलाला आरशासारखं उलटं करू. करून बघा म्हटलं. केलं आणि घुमट वाजवणाऱ्या मुलानेच सांगितलं, चामड्यावर आता डावा हात आलाय, खिसाही उजव्या छातीवर गेलाय. मग दीपस्तंभ उलटा करा? आमच्या भागातल्या माणसाला देवळाची बाजू बदललेली एका नजरेत कळेल. शेवटी मी सकाळी काढलेला फोटो बाजूला ठेवून संध्याकाळी त्याच बाजूने काढलेला घेतला, ऊन दुसऱ्या बाजूचं होतं, प्रश्न मिटला. म्हणून एकाच जागेचे बॅकग्राउंड सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन काढून ठेवा. ढगाळ दिवसाचाही एक ठेवा, तो सावलीत काढलेल्या मुलांना हटकून जुळतो.

दुसरं बघायचं कॅमेऱ्याची उंची. उंच वस्तू म्हटलं की आपण फोन वर करून काढतो, मग स्तंभ वर निमुळता होतो आणि समोर सरळ काढलेला मुलगा त्याला चिकटवल्यासारखा वाटतो. बॅकग्राउंड काढताना लांब उभं राहा, फोन छातीच्या उंचीवर आणि सरळ, मुलाचा फोटोही त्याच उंचीवरून.

रंगासाठी फोटोच्या चित्रावर क्लिक करून, मास्कवर नाही, `Colors > Color Temperature`. सावलीतला फोटो निळसर असतो आणि संध्याकाळचं ऊन पिवळं, तर मुलाला थोडं पिवळ्याकडे न्या. किती ते आकड्यात सांगत नाही, खुर्ची दोन मीटर मागे घेऊन डोळे किलकिले करून बघायला सांगते, मुलगा वेगळा उठून दिसतोय तोपर्यंत जुळलेलं नाही. तसंच दीपस्तंभ मुलापेक्षा जास्त धारदार दिसत असेल तर त्या लेअरवर `Filters > Blur > Gaussian Blur`, 2 ते 4 पुरे.

पायांपर्यंतचा फोटो असेल तर मुलगा आणि बॅकग्राउंडच्या मध्ये एक रिकामा लेअर, मोड Multiply, मऊ काळ्या ब्रशने पायांच्या अगदी खाली थोडंसं गडद, आणि लेअरची ओपॅसिटी 40 टक्क्यांच्या आसपास. सावली उन्हाच्या उलट बाजूला. पाय जिथे टेकतात तिथे ती सगळ्यात गडद हवी, नाहीतर मुलगा तरंगतो. हे फक्त आधी संपवलेल्या जोड्यांना द्या.

शेवटी `File > Export As`. बॅकग्राउंड बसवलेला पूर्ण फोटो JPEG मध्ये चालतो. पण नुसता कापलेला मुलगा पोस्टरसाठी हवा असेल तर बॅकग्राउंडचा डोळा बंद करून PNG, कारण JPEG ला पारदर्शक भाग ठेवता येत नाही, तिथे तो सरळ रंग भरतो आणि मुलं घाबरून येतात की मास्क गेला. मास्क `.xcf` मध्ये आहे.

पंधरा मिनिटं राहतात, त्यात जोड्यांची अदलाबदल. प्रत्येकाने दुसऱ्यांच्या मशीनवर बसायचं, लाल आणि काळा लेअर चालू करून रेघ शोधायची, फट शोधायची, ऊन कुठून ते सांगायचं. स्वतःची चूक न दिसणारी मुलं दुसऱ्याची टाकी पाच सेकंदांत शोधतात.

घरी जायच्या आधी प्रत्येकाची फाइल पेन ड्राइव्हवर त्याला द्या, आणि लॅबच्या मशीनवरचे सगळे फोटो काढून टाका, रिसायकल बिनमधूनही. हे मी मुलांवर सोडत नाही, बाराही मशीन स्वतः बघून मगच लॅबला कुलूप लावते.